सोमवारचा मेल, बुधवारचा फोन

११ सप्टेंबर २०२४, बुधवार, गौरीपूजनाचा दिवस. संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या एका जुन्या क्लायंटचा फोन आला. त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. "ताई, आपला जीएसटीआर-१ गेला ना?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "अहो, तुमची ऑगस्टची बिलेच आली नाहीत अजून." पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "सोमवारीच पाठवलीत की!"

त्यांनी पाठवली होती, हे खरे होते. पण ती गेली होती आमच्या एका सहकाऱ्याच्या मेलवर, आणि तो सहकारी गणपतीसाठी गुरुवारीच कोकणात पोचला होता. गावात रेंज नव्हती. क्लायंटचे हिशेब पाहणारा माणूस दुपारीच घरी गेला होता आणि बिलांची फाइल त्याच्याच कॉम्प्युटरवर होती. ती आमच्याकडे आली दुसऱ्या दिवशी सकाळी. विवरणपत्र भरले १२ तारखेला, म्हणजे मुदतीनंतर एक दिवसाने.

एका दिवसाने काय होते, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. जीएसटीआर-१ म्हणजे महिन्याच्या विक्री बिलांची यादी. ती ११ तारखेपर्यंत गेली तर माल घेणाऱ्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात ती बिले दिसतात, आणि त्याला भरलेल्या कराची वजावट त्याच महिन्यात मिळते. १२ तारखेला गेली तर तीच बिले पुढच्या महिन्याच्या तक्त्यात जातात. आमच्या क्लायंटच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने त्या महिन्याच्या बिलांतली जीएसटीची रक्कम तेवढी अडवून धरली. एका मेलने एवढे झाले.

आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. सर, मी आणि आणखी दोघे, असे आम्ही चौघे. प्रत्येकाला स्वतःचा मेल पत्ता होता, आणि त्याखेरीज एक जुना जीमेल होता. त्याचा पासवर्ड टेबलाच्या खणात चिकटवलेला होता. त्या जीमेलमध्ये नव्या कॉम्प्युटरवरून शिरायचे तर सरांच्या फोनवर ओटीपी जायचा, म्हणून तो हळूहळू कोणी उघडेनासे झाले. क्लायंटना काम करणाऱ्या माणसाचा पत्ता माहीत होता, आणि ते त्याच पत्त्यावर लिहीत होते. त्या गणपतीनंतर आम्ही बसलो आणि तीन गोष्टी नीट लावल्या: कार्यालयाचा सामाईक मेलबॉक्स, मेलच्या शेवटची सही आणि रजेवरचे आपोआप जाणारे उत्तर. त्यातली पहिली गोष्ट नसेल तर दुसऱ्या दोन्हींना टेकायला जागाच राहत नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

आमचे मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहेत. तिथे सामाईक मेलबॉक्स ही वेगळी सोय आहे, आणि ५० जीबीपर्यंत तिला वेगळे लायसन्स विकत घ्यावे लागत नाही. जी माणसे तो उघडणार त्यांच्या स्वतःच्या खात्यांना मात्र लायसन्स हवे. ज्याच्याकडे कार्यालयाच्या खात्यांचा ॲडमिन अधिकार आहे त्याने admin.microsoft.com उघडायचे, डावीकडे Teams & groups मध्ये Shared mailboxes वर जायचे आणि Add a shared mailbox दाबायचे. नाव आणि पत्ता विचारतो. आम्ही office@ असा साधा पत्ता घेतला. नंतर सभासद जोडायचे. जोडलेल्या प्रत्येकाला तो मेलबॉक्स पूर्ण उघडता येतो आणि त्या पत्त्याने मेल पाठवताही येतो. काही वेळाने आउटलुक बंद करून पुन्हा उघडले की आपल्या इनबॉक्सच्या खाली कार्यालयाचा इनबॉक्स आपोआप दिसू लागतो. आमच्याकडे एकाच्या कॉम्प्युटरवर तो लगेच आला, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जेवणाच्या सुट्टीनंतर. दिसला नाही म्हणून लगेच काढून पुन्हा जोडायच्या फंदात पडू नये.

या मेलबॉक्सला पासवर्ड कोणी वापरायचाच नसतो. प्रत्येक जण स्वतःच्या पासवर्डने आत येतो आणि तिथून सामाईक मेलबॉक्स उघडतो. मेलबॉक्सच्या मागे एक खाते असते, त्याचे थेट लॉगिन ॲडमिनने बंद करून टाकावे. कोणी नोकरी सोडली तर सभासदांच्या यादीतून त्याचे नाव काढले की झाले. आमच्या खणातला तो कागद त्याच दिवशी फाडला.

इथपर्यंत अर्ध्या तासाचे काम आहे. खरी फसगत पुढे असते, आणि ती पहिल्या आठवड्यातच कळली.

कार्यालयाच्या पत्त्यावर आलेल्या मेलला तिथूनच उत्तर दिले की 'प्रेषक' म्हणून कार्यालयाचाच पत्ता लागतो. पण आपण स्वतःच्या इनबॉक्समध्ये बसून नवा मेल सुरू केला तर तो आपल्या वैयक्तिक पत्त्यावरून जातो. क्लायंटकडे तो पत्ता पोचला की त्याचे पुढचे प्रत्येक उत्तर त्याच पत्त्यावर येते, आणि गाडी पुन्हा जुन्या रुळावर. नव्या मेलच्या वर From हे बटण दिसत नसेल तर Options मधून ते सुरू करून घ्यावे आणि पाठवण्याआधी तिथे नजर टाकायची सवय लावावी. पहिला महिनाभर मी माझ्या स्क्रीनच्या कडेला 'कोणाकडून?' अशी चिठ्ठी लावली होती.

दुसरी गोष्ट पाठवलेल्या मेलची. मी office@ म्हणून मेल पाठवला तरी त्याची प्रत मुळात माझ्याच Sent Items मध्ये पडते, कार्यालयाच्या नाही. म्हणजे क्लायंटने विचारलेला प्रश्न चौघांना दिसतो आणि मी दिलेले उत्तर फक्त मला. आमच्याकडे एका क्लायंटला एकाच दिवशी दोन वेगवेगळी उत्तरे गेली ती यामुळेच. दोघींनी प्रामाणिकपणे तोच इनबॉक्स पाहिला होता, दोघींना उत्तर दिलेले दिसले नाही. याचा उपाय ॲडमिनच्या पानावरच आहे. त्या मेलबॉक्सवर टिचकी मारली की Sent items असा भाग दिसतो, त्यात Copy items sent as this mailbox सुरू करायचे. खाली on behalf of असे शब्द असलेला दुसरा पर्याय असतो, तोही सुरू करून ठेवावा. यापुढे गेलेल्या मेलची प्रत दोन्हीकडे राहते. आधी गेलेले मेल मात्र आपोआप तिथे येत नाहीत, म्हणून हे पहिल्याच दिवशी करावे.

पुसलेल्या मेलचेही असेच आहे. जुन्या धाटणीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेल्या आउटलुकमध्ये सामाईक इनबॉक्समधला मेल पुसला की तो सहसा पुसणाऱ्याच्याच Deleted Items मध्ये जातो. एखादा मेल गायब वाटला तर चौघांनी आपापली टोपली पाहावी.

तिसरी गोष्ट यंत्राने सुटत नाही. सामाईक मेलबॉक्समध्ये मेल वाचल्याची खूणही सामाईक असते. एकाने उघडला की ठळक अक्षरे सगळ्यांच्याच स्क्रीनवर साधी होतात. सकाळी सर चहा घेता घेता दहा मेल नुसते उघडून पाहायचे, आणि आम्हाला वाटायचे ते दहाही मार्गी लागले. म्हणून आम्ही वाचले-न वाचले याकडे पाहणेच सोडून दिले. मेल इनबॉक्समध्ये आहे म्हणजे काम बाकी आहे, एवढे एकच धरले. ज्याने काम उचलले तो त्या मेलला स्वतःच्या नावाची कॅटेगरी लावतो. काम झाले की मेल क्लायंटच्या नावाच्या फोल्डरमध्ये जातो. संध्याकाळी साडेपाचला कोणीतरी एक जण इनबॉक्स वरपासून खालपर्यंत पाहतो आणि नाव न लागलेले मेल वाटून देतो. तो 'कोणीतरी' कोण, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवड्याला लिहिलेले असते. ते लिहिले नव्हते तेव्हा कोणीच पाहत नव्हते.

आता सही. मेलच्या शेवटची सही म्हणजे लेटरहेड नव्हे, एवढे पटले की बरेच प्रश्न सुटतात. आमच्या सहकाऱ्याच्या जुन्या सहीत त्याचे नाव, त्याचा मोबाइल आणि गणपतीचे सुंदर चित्र होते. कार्यालयाचा पत्ता नव्हता, कार्यालयाचा फोनही नव्हता. क्लायंटला सोमवारी दुसरीकडे कुठे कळवावे हे सुचले नाही, ते त्या सहीमुळेही. आता आमच्या चौघांच्या सह्या एकाच साच्यातल्या आहेत. पहिल्या ओळीत नाव आणि काम, दुसऱ्या ओळीत कार्यालयाचे नाव, तिसऱ्या ओळीत कार्यालयाचा फोन आणि वेळ, चौथ्या ओळीत 'कागदपत्रे या पत्त्यावर पाठवावीत' असे लिहून office@ चा पत्ता. माणूस कोणीही असो, चौथी ओळ तीच.

सही अक्षरांतच लिहावी, चित्र करून चिकटवू नये. पुष्कळ ठिकाणी मेलमधली चित्रे आधी दिसतच नाहीत, काही ठिकाणी ती जोडपत्र म्हणून लोंबकळतात, आणि चित्रातल्या फोन नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही. मराठीत सही करणार असाल तर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेली मराठी आपल्या स्क्रीनवर छान दिसते, पण ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला रोमन अक्षरांची भेळ दिसते. फोनवरच्या मेल ॲपमधली सहीसुद्धा तपासा. ती बहुतेक वेळा वेगळी लिहावी लागते, नाहीतर महत्त्वाच्या पत्राखाली फोनच्या कंपनीचे नाव जाते.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे व्यावसायिक पत्रांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन क्रमांक, फोन आणि ईमेल छापावे लागतात. म्हणून अनेक कंपन्या हा मजकूर मेलच्या सहीतही ठेवतात, आणि ते योग्यच आहे. आमच्यासारख्या भागीदारी संस्थेला ते बंधन नाही.

आउटलुकमध्ये एक अडचण राहते. सही ही खात्याला चिकटलेली असते. आपण From मध्ये कार्यालयाचा पत्ता निवडला तरी खाली सही आपलीच येते. आमचा साचा असा आहे की ती आली तरी बिघडत नाही. उलट कोणी लिहिले ते क्लायंटला कळते. कार्यालयाच्याच नावाची सही हवी असेल तर ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये उजवीकडे वर आपल्या नावाच्या चकतीवर टिचकी मारून Open another mailbox ने सामाईक मेलबॉक्स वेगळ्या टॅबमध्ये उघडावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये सही लिहावी. त्या टॅबमधून गेलेल्या मेलला ती लागते.

राहिले रजेवरचे उत्तर. त्या बुधवारी सगळ्यांत जास्त बुचकळ्यात याच गोष्टीने टाकले होते. सहकाऱ्याने ते लावून ठेवले होते. मग क्लायंटला सोमवारी उत्तर गेले कसे नाही? सहकारी परत आल्यावर त्याचा मेलबॉक्स उघडून पाहिला. गणेश चतुर्थीला, शनिवारी सकाळी, त्याच क्लायंटचा शुभेच्छांचा मेल आला होता आणि त्याला 'मी रजेवर आहे' हे उत्तर गेले होते. आउटलुक एका रजेत एका पत्त्याला हे उत्तर एकदाच पाठवते. त्यामुळे शनिवारी मोदकांच्या चित्राला उत्तर गेले आणि सोमवारी बिलांच्या फाइलला गेले नाही. क्लायंटने शनिवारचे उत्तर वाचलेच नव्हते. सणाच्या दिवशी शुभेच्छांना आलेले उत्तर कोण उघडून वाचतो?

जीमेलमध्येही हाच नियम थोडा सैल आहे. त्याच माणसाने चार दिवसांनंतर पुन्हा मेल केला तर उत्तर पुन्हा जाते. शनिवार ते सोमवार हे चार दिवस नाहीत, म्हणजे जीमेल असते तरी निकाल तोच होता. असे एकदाच पाठवण्यामागे कारण आहे. दोन्ही बाजूंची माणसे रजेवर असतील तर दोन यंत्रे एकमेकांना रात्रभर उत्तरे देत बसतील. म्हणून हा नियम बदलायच्या मागे न लागता तो आहे हे धरूनच मजकूर लिहावा. म्हणजे एकदाच वाचला तरी पुरला पाहिजे.

जुना मजकूर होता: 'मी १२ तारखेपर्यंत रजेवर आहे. आल्यावर उत्तर देईन.' यात वाचणाऱ्याला काय करायचे ते कळत नाही, आणि आपला मेल आत कोणीतरी पाहतच असेल असे त्याला वाटत राहते. आता आमच्याकडे असा मजकूर असतो:

'नमस्कार. मी ६ ते १२ सप्टेंबर कार्यालयात नाही. आपला हा मेल मी १३ तारखेपर्यंत पाहू शकणार नाही आणि तो दुसऱ्या कोणाकडे आपोआप जात नाही. काम मुदतीचे असेल तर कृपया हाच मेल खाली दिलेल्या कार्यालयाच्या पत्त्यावर पुन्हा पाठवावा. तिथे कामाच्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आमच्यापैकी कोणीतरी तो पाहते.'

'दुसऱ्या कोणाकडे आपोआप जात नाही' हे शब्द सरांना आधी उद्धट वाटले होते. मला ते सगळ्यांत उपयोगी वाटतात. त्यांच्या खाली हाच मजकूर इंग्रजीत, कारण आमचे काही क्लायंट गुजरातचे आहेत. आणि विषयाच्या शब्दांकडे पाहू नये म्हणून पत्ता वेगळ्या ओळीत.

लावायचे कसे? आउटलुकच्या सेटिंगमध्ये Automatic replies शोधा, तारखा आणि वेळ घाला. मग दोन चौकटी दिसतात. एक आपल्याच कार्यालयातल्या लोकांसाठी आणि दुसरी बाहेरच्यांसाठी. बाहेरची चौकट वेगळी सुरू करावी लागते, आणि ती राहून गेली तर उत्तर फक्त शेजारच्या टेबलाला जाते, ज्याला आपण रजेवर आहोत हे दिसतेच आहे. तिथेच फक्त ओळखीच्या पत्त्यांना उत्तर पाठवण्याचा पर्याय असतो. तो निवडला तर नव्या क्लायंटला काहीच कळत नाही, म्हणून आम्ही तो रिकामा ठेवतो. सगळे लावून झाले की स्वतःच्या घरच्या मेलवरून एक मेल पाठवून पाहायचा. मात्र तारीख पुढची घातली असेल तर ती सुरू होईपर्यंत उत्तर येणार नाही, म्हणून चाचणीपुरती तारीख आजची घालायची आणि मग पुन्हा बदलायची.

बाहेरच्या चौकटीत गाव, प्रवास, सरांचा वैयक्तिक नंबर असे काही लिहू नये. हे उत्तर ओळखीच्या क्लायंटला जाते तसे जाळे टाकून बसलेल्या भामट्यालाही जाते. 'सर १२ तारखेपर्यंत परदेशात आहेत' एवढे कळले की सरांच्या नावाने पैसे मागणारा मेल अकाउंट्सवाल्याकडे कोणत्या दिवशी पाठवायचा ते त्याला कळते.

सामाईक मेलबॉक्सलाही असे उत्तर लावता येते, पण ते आम्ही फक्त कार्यालयच बंद असेल तेव्हा लावतो. दिवाळीत चार दिवस. एरवी त्या पत्त्यावर लिहिणाऱ्याला आमच्यातले कोण कुठे आहे हे कळायची गरजच पडत नाही. त्याचा मेल सहकाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये जातच नाही, त्यामुळे त्याच्या रजेचे उत्तरही निघत नाही.

ज्यांच्याकडे नुसता जीमेल आहे त्यांनाही खणातल्या चिठ्ठीवर चालवायची गरज नाही. कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये Accounts and Import खाली Grant access to your account असते. तिथे सहकाऱ्याचा जीमेल पत्ता घालायचा, त्याला आलेल्या मेलवरून त्याने होकार द्यायचा. साध्या जीमेलवर अशी दहा माणसे जोडता येतात. ती मेल वाचतात, उत्तर देतात, पुसतात, पण पासवर्ड बदलू शकत नाहीत. गेलेल्या मेलवर कोणी पाठवला ते दाखवायचे की फक्त कार्यालयाचा पत्ता, हेही तिथेच निवडता येते. चौघांच्या कार्यालयाला एवढे पुरते.

एक गोष्ट मात्र आम्ही office@ वर आणली नाही. बँकेचे आणि आयकर, जीएसटीच्या पोर्टलचे ओटीपी ज्या मेलवर येतात तो पत्ता वेगळाच ठेवला. सामाईक मेलबॉक्समध्ये येणारा ओटीपी चौघांच्याही स्क्रीनवर एकाच वेळी उजळतो. त्या पत्त्यावर येणाऱ्या नोटिशी सर रोज सकाळी स्वतः पाहतात आणि जी आमच्या कामाची असेल ती office@ वर पुढे पाठवतात. खोकेवाल्या क्लायंटची बिले आता दर महिन्याच्या ५ तारखेला तिथेच येतात. परवा त्यांनी विचारले, "ताई, सध्या आमचे काम कोण बघतंय?" मी इनबॉक्स उघडून त्यांच्या मेलवरची कॅटेगरी पाहिली आणि नाव सांगितले.